लोणच्याच्या तीस सेकंदाच्या जाहिरातीची स्क्रिप्ट

ताई, स्क्रिप्ट वाचली, चांगली आहे पण लई लांब झालीय. तीस सेकंदात निवांत बोललं तर साठेक शब्द बसतात आणि तुमचे दीडशे आहेत, म्हणून पहिल्यांदा मोबाईलवर टायमर लावून मोठ्यानं वाचून बघा. आणि सात प्रकारची लोणची एकाच व्हिडिओत नको, फक्त कैरीचं घ्या, लिंबू-मिरचीचा वेगळा करा नंतर.

दुसरी चूक सगळेच करतात, मीपण केली होती, सुरुवात "नमस्कार, मी अमुक" अशी. लोक तेवढ्यात पुढं सरकतात. तुमचं असं करू:

० ते ४ सेकंद: काही बोलायचं नाही, बरणीत चमचा जातो, फोड वर येते, तेल ओघळतं. मागं म्युझिक नको, बरणीचाच आवाज राहू द्या.

४ ते २०: "जालन्यात आमच्या घरी कैरी फोडून, मीठ-हळद लावून, मोहरीची डाळ अन् हिंगाची फोडणी थंड करून मगच घालतो." प्रत्येक वाक्याला तेच काम करणारे हात दिसले पाहिजेत. ताटात गरम ज्वारीची भाकरी अन् बाजूला फोड, हा शॉट शेवटी.

२० ते ३०: नाव, अर्ध्या किलोचा भाव, कुठंपर्यंत पाठवता अन् व्हॉट्सअॅप नंबर. नंबर पूर्ण दहा सेकंद स्क्रीनवर ठेवा, नुसता बोललात तर कुणी लिहून घेत नाही. एफएसएसएआयची नोंदणी झाली असंल तर तो नंबर लेबलवर असतोच, बरणी फिरवून दाखवा, बोलण्यात शब्द घालवू नका.

"शंभर टक्के शुद्ध, आईच्या हातची चव" हे काढा, त्याऐवजी हिंगाची फोडणी सांगितली की लोकांना चव कळते.