किराणा-पेट्रोल महागलं: खर्चाचे रकाने कसे बदलाल?

किराण्याला 8,000 आणि पेट्रोलला 3,000 ठरवले होते. 20 तारखेलाच 7,600 आणि 2,700 उडाले. उरलेला महिना कुठून भागवू? (विश्रामबाग, सांगली)

आधी तूट नेमकी किती, ते काढा. पेट्रोल रोज थोडं थोडं जळतं, त्यामुळे तिथे सरळ हिशेब चालतो. 20 दिवसांत 2,700 म्हणजे दिवसाला 135, उरलेल्या दहा दिवसांना 1,350 लागतील आणि एकूण 4,050 होतील. किराण्याला हाच गुणाकार लावला तर उगाच धडकी भरेल, कारण महिन्याची मोठी यादी पहिल्याच आठवड्यात भरलेली असते. तिथे डबे उघडून बघा आणि महिनाअखेरपर्यंत काय लागेल तेवढंच लिहा. समजा, ते 900 चं निघालं. मग किराण्यात 500 आणि पेट्रोलमध्ये 1,050, अशी 1,550 ची तूट आहे.

ही रक्कम आधी हॉटेल, कपडे अशा अजून खर्च न झालेल्या रकान्यांतून घ्या. किराण्याच्या बिलातच साबण, शाम्पू, फरसाण, बिस्किटं मिसळलेली असतात. त्यांचा रकाना वेगळा केला की कात्री कुठे लावायची ते दिसतं. विमा आणि शाळेच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना मात्र हात लावू नका, ती बिलं ठरल्या तारखेला येणारच आहेत.

एवढं करूनही भागलं नाही तर क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलण्यापेक्षा पोस्टाच्या आरडीचा एक हप्ता लांबवलेला परवडतो. आरडीला दरमहा शंभरामागे एक रुपया दंड बसतो, कार्डावर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागतं. पण पुढच्या महिन्यात तो हप्ता भरून टाका. चार हप्ते थकवूनही पुढे भरले नाहीत, तर खातं बंद पडतं.

मी दर वेळी 200 चंच पेट्रोल टाकते, तरी महिन्याला 700 रुपये जास्त गेले. भाव एवढा वाढलाय का? (सातारा)

200 ची सवयच इथे फसवते. पंपावर आकडा तोच दिसतो, टाकीत मात्र कमी पडतं. 105 च्या भावाने 1.9 लिटर यायचं, 115 झाल्यावर 1.74 येतं. 45 चं अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर तेवढ्यात 86 ऐवजी 78 किलोमीटर धावते. पंपावरच्या फेऱ्या वाढतात आणि सगळा दोष भावावर जातो.

म्हणून हा रकाना रुपयांत न मांडता किलोमीटरमध्ये मांडा. कामावर जाऊन-येऊन 22 किलोमीटर, 25 दिवस, म्हणजे 550. इतर फिरणं 150 धरलं तर 700 किलोमीटर होतात आणि साडेपंधरा लिटर लागतं. लिटरमागे दहा रुपये वाढले तरी फरक 155 चाच. उरलेले साडेपाचशे जास्त फिरण्यात गेलेत, नाहीतर गाडी जास्त पितेय. एकदा टाकी फुल करून किलोमीटर टिपा आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल भरताना किती लिटर बसलं ते पाहा. अ‍ॅव्हरेज 45 वरून 38 वर आलं असेल तर आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघून घ्या. अ‍ॅव्हरेज ठीक असेल आणि कामाचं ठिकाण एसटीच्या मार्गावर असेल, तर महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. स्टँडपर्यंतची रिक्षा धरूनच तुलना करा, नाहीतर बचत कागदावरच राहते.

तेल आणखी महागेल म्हणून डबा भरून ठेवू का? (मिरज)

डब्यावर 15 किलो लिहिलंय की 15 लिटर, ते आधी वाचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण 910 ग्रॅम भरतं. त्यामुळे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलोच तेल येतं. तो 2,250 ला मिळाला तर किलोला 165 पडले. 910 ग्रॅमची पिशवी 148 ला असेल तर किलोला 163. म्हणजे डबाच महाग! पिशवीवरचं वजनही बघा, हल्ली 850 ग्रॅमच्याही येतात आणि दिसायला तशाच असतात.

डबा खरंच स्वस्त पडला आणि घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर तो पावणेतीन महिने पुरेल. अशा वेळी सगळे पैसे या महिन्याच्या किराण्यात टाकू नका. बचतीतून उसने घ्या आणि तीन महिने किराण्यातून 750 परत करा. तसं केलं नाही तर हा महिना फुगलेला दिसतो, पुढचे दोन खोटे स्वस्त वाटतात. फक्त डब्याचं तोंड नीट बंद राहील असं बघा, हवा लागली की तेल खवट होतं.

पुढच्या महिन्यापासून किराण्याचा आकडा कायमचाच वाढवू का? (कराड)

सरसकट नको. दूध, चहा, साबण यांचे वाढलेले भाव सहसा खाली येत नाहीत, तेवढी वाढ लगेच धरा. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर नवा माल आला की उतरतात. त्यांच्यासाठी तीन महिने वेगळा रकाना ठेवा आणि भाव उतरले की तो बंद करा.