सोऱ्या परत हवाय, टोमणा नको

मावशी, मागच्या दिवाळीत मैत्रिणीनं माझा पितळी सोऱ्या नेला. तो सासूबाईंचा आहे. ती सिंहगड रोडला राहते, मी कोथरूडला. मध्ये दोन-तीनदा भेटलो, पण तिनं सोऱ्याचं नाव काढलं नाही. आता दिवाळी तोंडावर आलीये. मी मेसेज लिहून ठेवलाय: ‘हाय गं! तू फार बिझी असशील म्हणून त्रास देत नव्हते. आमचा सोऱ्या अजून आहे ना तुझ्याकडे, की आता तुमचाच झाला? सासूबाई रोज विचारतात, मी काय सांगू त्यांना! वेळ मिळाला तर बघ, नाहीतर राहू दे, मी तुळशीबागेतून नवा आणते.’ शेवटी हसरा चेहराही टाकलाय. नवरा म्हणतो, हा पाठवलास तर सोऱ्या येईल आणि मैत्रीण जाईल. यात टोचण्यासारखं काय आहे?
– कोथरूडची एक वाचक

नवऱ्याचं ऐक. टोमणा पुणेरी पाटीवर शोभतो, कारण पाटी लावणाऱ्याला वाचणाऱ्याशी पुन्हा बोलायचं नसतं. तुला या बाईबरोबर अजून पुष्कळ चहा प्यायचाय.

तुझा मेसेज तिच्या जागी बसून वाच. प्रत्येक वाक्याला ती काय उत्तर देणार? ‘तू फार बिझी असशील’ हे वरवर समजूतदार वाटतं, पण ऐकू येतं ते ‘तुला माझी पडलेली नाही’. त्यावर ती एकतर सफाई देईल, नाहीतर गप्प बसेल. ‘तुमचाच झाला?’ हा सरळ चोरीचा आळ आहे, आणि शेवटचा हसरा चेहरा तो झाकत नाही, उलट ‘मी गंमत करत होते’ म्हणायला तुला पळवाट ठेवतो. सासूबाईंना तर यातून बाहेरच काढ. त्या खरंच विचारत असतील, तरी तुझी मागणी त्यांच्या खांद्यावरून करू नकोस. वस्तू तू दिलीस, मागायचीही तूच.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे. ‘वेळ मिळाला तर’ आणि ‘राहू दे’ म्हटलंस की तू तिला न देण्याची मुभा देतेस, आणि तिनं ती घेतली की तुलाच राग येणार. तिच्या हातात ना तारीख, ना ठिकाण. मग ती कशी आणि कधी आणून देणार?

म्हणून एकेक वाक्य काढून बघ. ते गेल्यानं सोऱ्या परत येण्यात काही फरक पडतो का? पडत नसेल, तर ते वाक्य सोऱ्यासाठी नव्हतंच, तुझ्या रागासाठी होतं. ‘मागच्या दिवाळीपासून’ असंही कुठे घालू नकोस. खरं आहे, पण तिला ते ठाऊक आहे, आणि तुझ्या तोंडून ते हिशेब मांडल्यासारखं वाटेल. ‘अजून’ हा शब्दही तसाच. त्याची नुसती जागा बदलायची नाही, तो सरळ काढायचा.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. ‘सॉरी हं, त्रास देतेय’ कशाला? आपलीच वस्तू मागताना माफी मागितली, की आतला राग पुढच्या ओळीत डोकं वर काढतोच.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात येते. सोऱ्याच्या चकत्या हरवतात, विशेषतः चकलीची चांदणीवाली. ती गटारात गेली असेल किंवा दांडा वाकला असेल, तर तुझी मैत्रीण लाजेनं विषय टाळत असेल. अशा माणसाला टोमणा मारलास, तर ती आणखीच आत जाईल. तिला कबूल करायला दार उघडं ठेव.

मी असा लिहिला असता:

‘अगं, या दिवाळीच्या चकल्यांसाठी मला माझा पितळी सोऱ्या हवाय. येत्या शनिवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे येऊन घेऊन जाऊ का? शनिवार जमत नसेल तर रविवारी सकाळी येते. एखादी चकती हरवली असेल तरी सांग, मी आणीन.’

वस्तू कोणती, कधी हवी, कशी मिळेल, एवढंच. ‘मी येते’ म्हटल्यानं तिचा कोथरूडपर्यंतचा फेराही वाचला. हा मेसेज तिला एकटीलाच पाठव, मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही. तिथे चार जणींसमोर साधं वाक्यही पाटी होतं.

सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर ‘मेसेज दिसला नसेल बहुतेक’ असं लिहू नकोस. निळ्या टिका कशाला असतात, हे दोघींनाही ठाऊक आहे. सरळ फोन कर आणि हेच वाक्य बोल.

आणि फोन करताना लक्षात आलं, की तुला सोऱ्यापेक्षा तिनं मधल्या भेटींत त्याचा उल्लेखही केला नाही हे जास्त लागलंय, तर ते वेगळं बोलणं आहे. सोऱ्या घरी आल्यावर, चहा घेताना बोल. चकत्या मात्र तिच्या दारात मोजू नकोस, घरी येऊन मोज.