चूक सर्वांत कमी आली म्हणून आल्फा ०.९ घ्यायचा का?

*प्रश्न: डेअरीच्या दुकानात पनीरच्या आठवड्याच्या विक्रीचा अंदाज एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगने काढतोय. आल्फा ०.२, ०.५ आणि ०.९ लावून पाहिले, ०.९ ला चूक सर्वांत कमी येते. पुस्तकात तर ०.१ ते ०.३ घ्या असं म्हटलंय. कोणाचं ऐकू?*

दोघांचंही ऐकू नका. आल्फा म्हणजे गेल्या आठवड्याच्या चुकीचा किती हिस्सा पुढच्या अंदाजात मिसळायचा तो आकडा. ०.१ ते ०.३ हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नसतो, आणि ‘ज्याची चूक कमी तोच आल्फा’ हा नियमही एकटा पुरत नाही. माझ्या मते आल्फा ०.९ च्या आसपास जिंकतो तेव्हा बहुतेक वेळा दोष आल्फात नसतो, पद्धत त्या मालाला लागू पडत नसते.

आधी एक तपासा. एक्सेलच्या Data Analysis मधलं साधन वापरत असाल, तर तिथे आल्फा विचारतच नाहीत, `Damping factor` विचारतात, आणि तो असतो १ वजा आल्फा. तिथे ०.९ भरलं असेल तर तुमचा आल्फा ०.१ झाला. त्यापेक्षा सूत्र स्वतः लिहा. B मध्ये विक्री, C मध्ये अंदाज, C2 मध्ये पहिल्या आठवड्याची विक्रीच टाका आणि C3 पासून पुढे हे खाली ओढा:

```
=C2+0.2*(B2-C2)
```

आता दहा आठवड्यांची विक्री किलोत अशी धरू: ४०, ४३, ४१, ४६, ४५, ४९, ४८, ५३, ५१, ५५. पहिल्या आठवड्याची चूक शून्य येणारच, कारण तो अंदाज आपण त्याच आकड्यावरून भरला. ती सरासरीत धरली की हिशेब उगाच गोड दिसतो. पुढचे काही आठवडेही त्या सुरुवातीच्या आकड्याच्या छायेत असतात, कमी आल्फाला तर जास्तच. म्हणून पहिले पाच सोडा आणि सगळ्या आल्फांची चूक फक्त ६ ते १० या आठवड्यांवर मोजा. अधिक-उणे न बघता सरासरी चूक येते: ०.२ ला ६.४ किलो, ०.५ ला ३.४, ०.९ ला ३.०.

इथवर तुमचंच खरं दिसतं. पण आल्फा १ लावा, म्हणजे गेल्या आठवड्याची विक्री हाच या आठवड्याचा अंदाज. त्याची चूक ३.२ आहे. इतका हिशेब करून तुम्ही ‘गेल्या वेळचं तेच मागवू’ यापेक्षा पाव किलोसुद्धा पुढे गेला नाहीत.

खरी खूण चिन्हात आहे. चूक म्हणजे विक्री वजा अंदाज. तिची सरासरी आता अधिक-उण्यासह काढा. ०.२ ला ती पुन्हा ६.४ आणि ०.५ ला पुन्हा ३.४ येते. दोन्ही सरासऱ्या सारख्या आल्या, म्हणजे प्रत्येक आठवड्यात अंदाज विक्रीच्या खालीच राहिला. विक्री साधारण १.७ किलोने दर आठवड्याला चढते आहे, आणि साधं स्मूदिंग अशा चढाच्या मागे, चढ भागिले आल्फा, इतकं राहतं. ०.५ ला १.७ ÷ ०.५ म्हणजे ३.४, अगदी तेच. ०.२ ची पिछाडी तर ८.५ पर्यंत जाईल, दहा आठवड्यांत ती अजून पुरी झालेली नाही. ०.९ ला पिछाडी कमी म्हणून तो जिंकला. पण तो ९० टक्के भार एकाच आठवड्यावर टाकतो, त्यामुळे एखादा आठवडा सहज मंदावला की पुढची ऑर्डरही तशीच खाली येते.

उपाय म्हणजे चढासाठी वेगळा आकडा ठेवणारी होल्टची पद्धत, १९५७ ची. पातळीचा आल्फा ०.२, चढाचा बीटा ०.१, आणि सुरुवातीचा चढ पहिल्या पाच आठवड्यांतून: (४५ − ४०) ÷ ४ = १.२५.

```
F = L + T
L = F + 0.2*(Y-F)
T = T + 0.02*(Y-F)
```

F अंदाज, L पातळी, T चढ, Y विक्री; पहिल्या आठवड्याला L = 40 धरा आणि सूत्रं दुसऱ्या आठवड्यापासून लावा. ०.०२ म्हणजे ०.२ × ०.१. त्याच ६ ते १० आठवड्यांवर चूक १.८ किलोवर येते, आणि अधिक-उण्यासह १.३. आल्फा पुस्तकातलाच ०.२ राहिला आणि ०.९ मागे पडला, फक्त चढाला स्वतःची जागा मिळाली.

दहा आठवडे मात्र फार थोडे आहेत. खरा आल्फा-बीटा ठरवायला निदान वर्षभराची विक्री घ्या, शेवटचे आठवडे बाजूला ठेवून त्यांच्यावरच चूक तपासा. गणपती-दिवाळीचे आठवडे वेगळे काढा, नाहीतर ते एकटेच आल्फा ठरवतील. आणि ज्या आठवड्यात शुक्रवारीच पनीर संपलं, तिथला आकडा मागणीचा नाही, तुमच्या फ्रीजमध्ये मावलेल्या मालाचा आहे. तो तसाच भरलात तर अंदाज पुढच्या आठवड्यातही कमीच माल मागवायला सांगेल.