एकट्याचं काम बाहेर कधी द्यायचं? आधी मोकळ्या तासांचा हिशोब

प्रश्न: मी नाशिकमध्ये चार वर्षं एकटाच वेबसाइट बनवायचं फ्रीलान्स काम करतोय. आता कामं नाकारावी लागतात. बाहेरची माणसं घेऊन करून घ्यावीत का? छोटी एजन्सी काढायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

कामं नाकारावी लागतात, पण कुठल्या महिन्यात, ते आधी बघा. मीही हेच काम करतो, इंदिरानगरात घरातूनच. माझी निम्मी गिऱ्हाइकं निफाड-दिंडोरीकडची द्राक्ष निर्यातदार. ऑक्टोबर छाटणी उरकली की त्यांना वेबसाइट आठवते आणि जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत ती हवी असते. तेव्हा मी रात्री एकपर्यंत बसायचो. मे महिन्यात मात्र फोन गप्प. अशी हंगामी गर्दी असेल तर पगारी माणूस अजिबात ठेवू नका. त्याचा पगार मे महिन्यातही द्यावा लागतो. त्या गर्दीपुरतं काम बाहेर द्यायचं. आणि तेही खालचा हिशोब जमला तरच.

समजा एक साइट तुम्ही ६०,००० रुपयांना घेतली. एकट्याने करायला ६० तास लागतात, म्हणजे ताशी १,०००. आता डिझाइन तुमचं आणि पानं बांधायचं काम बाहेर २५,००० ला दिलं. तुमचे तास संपत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणं ८, डिझाइन १०, कामाचं टिपण लिहून समजावणं ४, तपासणं आणि दुरुस्त्या १२, असे ३४ तास जातातच. हातात ३५,००० उरले, म्हणजे ताशी साधारण १,०३०. दर जवळजवळ तोच! फरक पडतो तो मोकळ्या झालेल्या २६ तासांमुळे. ते तास दुसऱ्या कामात विकले गेले तर त्याच वेळात २६,००० आणखी येतात. विकले गेले नाहीत तर ६० हजारांचं काम तुम्ही स्वतःहून ३५ हजारांचं केलंत.

म्हणून माझी एकच अट आहे. मोकळे होणारे तास ज्याला विकायचे, त्या पुढच्या कामाचा ॲडव्हान्स खात्यात आल्याशिवाय मी काम बाहेर देत नाही. 'बघू, येईलच काहीतरी' यावर नाही.

पहिल्यांदा दिलं तेव्हा माझा हिशोब फसला. नाशिकरोडचा एक मुलगा होता, हात चांगला होता त्याचा. त्याने एका निर्यातदाराची साइट वेळेत आणि देखणी करून दिली. पण पंधरा दिवसांनी निर्यातदारांचा फोन आला, "अहो, तुमच्या साइटवरनं एकही चौकशी नाही आली." चौकशा येत होत्या, पण स्पॅममध्ये पडत होत्या. फॉर्मच्या मेलमध्ये त्याने `From` च्या जागी चौकशी करणाऱ्याचाच पत्ता टाकला होता. साइटचा सर्व्हर दुसऱ्याच्या पत्त्यावरून मेल पाठवतोय म्हटल्यावर तो मेल खोटा ठरतो. `From` मध्ये साइटच्या डोमेनचा पत्ता आणि `Reply-To` मध्ये चौकशी करणाऱ्याचा, एवढाच बदल होता. त्याशिवाय चार-चार एमबीचे द्राक्षांचे फोटो तसेच चढवलेले आणि मोबाइलवर मेनू बंदच होत नव्हता. दुरुस्त्यांचे १२ तासांऐवजी २२ झाले. म्हणजे ३५,००० मागे ४४ तास, ताशी आठशेच्या आत.

चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती. 'फॉर्म चालला पाहिजे' एवढंच मी सांगितलं होतं. चालणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. आता दीड पानाची यादी आहे. फॉर्म भरून जीमेलच्या इनबॉक्समध्ये मेल आल्याचा स्क्रीनशॉट, कुठलाही फोटो ३०० केबीच्या वर नाही, साध्या अँड्रॉइड फोनवर सगळी पानं उघडून पाहिली, अशा गोष्टी त्यात आहेत. शेवटचा हप्ता यादी पूर्ण झाल्यावरच. 'झालं' म्हणजे काय, हे ज्या कामाबद्दल असं लिहून देता येत नाही, ते काम अजून बाहेर द्यायच्या लायकीचं नाही. माझ्याकडे डिझाइन आणि गिऱ्हाइकाशी बोलणं अजून त्यातच मोडतं.

पैशाच्या वेळेचंही बघा. अंबडच्या एका कारखान्याने शेवटचे ३० टक्के अडीच महिन्यांनी दिले. पानं बांधणाऱ्याला मी काम झाल्यापासून सात दिवसांत देतो, गिऱ्हाइकाचे येवोत न येवोत. एका वेळी तीन कामं बाहेर असली तर ७५,००० अडकतात, म्हणून त्याच्या दुप्पट रक्कम वेगळी ठेवतो. ती नसेल तर एका वेळी एकच काम बाहेर द्या.

कराची एक गोची बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. जीएसटीची सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा पूर्ण बिलावर मोजतात, तुमच्या हातात उरलेल्यावर नाही. बाहेर दिलेले पैसेही तुमच्याच उलाढालीत धरले जातात. नोंदणी झाली की १८ टक्के लागतात. कारखानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं, त्याला फरक पडत नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या होमस्टेवाल्याच्या मात्र ते थेट खिशातून जातात. आणि ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोप्या योजनेत तुम्ही विवरणपत्र भरत असाल, तर तिथे किमान निम्मी जमा नफा धरतात. एकट्याच्या कामाला ते फायद्याचं, कारण आपला खर्च कमी असतो. पण ३० लाख जमा, १५ लाख बाहेर दिले आणि ३ लाख इतर खर्च झाला, तर खरा नफा १२ लाख असतो आणि कर १५ लाखांवर बसतो. कमी दाखवायचा तर वह्या आणि ऑडिट. त्यामुळे बाहेर जाणारे पैसे जमेच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जायला लागले की सीएकडे जाऊन बसा, मार्चची वाट बघू नका.

एक कागद मात्र पहिल्याच कामापासून करा. पगारी नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट त्याचाच राहतो. तुम्ही पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही, लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. द्राक्षं युरोपला आणि साइटचे हक्क भारतापुरते, अशी गंमत होते. 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' हे दोन शब्द घाला.

एजन्सीचं म्हणाल, तर नाव आणि पाटी नंतर. माझ्याकडे पानं बांधायचं काम गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट, म्हणजे हंगाम नसतानाही, दर महिन्याला पंधरा दिवसांच्या वर बाहेर गेलं. तिन्ही महिन्यांची त्याची बिलं मी समोर ठेवली, तेवढ्यात पगारी माणूस बसत होता. मग त्याच नाशिकरोडच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, पगारावर येतो, पण शनिवार सुट्टी." दिली.