सातव्यातला राहू आणि तीन तुटलेली नाती

*ताई, मी कोल्हापूरचीच, वय तिशीचं. माझी तीन नाती मोडली, तिन्ही माणसं कामाच्या ठिकाणीच भेटलेली. पहिल्याशी 2017 मध्ये जमलं. 2018 च्या डिसेंबरात कळलं की त्याचा गावाकडे आधीच साखरपुडा झालाय. दुसरं 2021 च्या जूनमध्ये सुरू झालं. तो लग्नाचं विचारायचा, मी म्हणायचे "थोडं थांबू, भावाचं शिक्षण होऊ दे." ऑक्टोबर 2022 मध्ये त्यानं घरच्यांनी दाखवलेल्या मुलीला होकार दिला. तिसरं 2023 च्या सुरुवातीचं, ते डिसेंबरात असंच संपलं. सातव्या घरात राहू आहे, कालसर्पही आहे, असं एका गुरुजींनी सांगितलं आणि शांतीचे 21 हजार सांगितले. आई पैसे जमवतेय. माझ्या नशिबात हे असंच आहे का? जन्म जानेवारी 1995, कोल्हापूर, दुपारी एकच्या सुमारास. पत्रिका सोबत आहे. — पुष्य नक्षत्रवाली*

आधी आईला पैसे जमवणं थांबवायला सांग. तू पाठवलेल्या पत्रिकेत कालसर्प नाही, आणि हे ताडून पाहायला ज्योतिषी लागत नाही. या योगाची अट अशी की राहूपासून केतूपर्यंतच्या एकाच अर्ध्या भागात सातही ग्रह असायला हवेत. तुझा राहू तुळेत आणि केतू मेषेत आहे. गुरू आणि शुक्र वृश्चिकेत, रवी आणि बुध मकरेत, शनी कुंभेत, म्हणजे हे पाच एका बाजूला आले. पण चंद्र कर्केत आणि मंगळ सिंहेत, म्हणजे दोघेही दुसऱ्या बाजूला. एक ग्रह जरी बाहेर असला तरी योग होत नाही, इथे तर दोन आहेत. 'अंशतः कालसर्प' असं काही सांगून शांती गळ्यात मारली जाते, त्याला भुलू नकोस.

आता सातव्यातला, म्हणजे जोडीदाराच्या घरातला राहू. तो आहे, हे खरं. पण मे 1994 पासून साधारण नोव्हेंबर 1995 अखेरपर्यंत राहू तुळेतच होता, म्हणजे त्या दीड वर्षात जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत तो तिथेच सापडेल. लग्न राशी, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. तुझ्या जन्माच्या दिवशीही दुपारी बारा ते पावणेदोनच्या दरम्यान जन्मलेली सगळी मुलं मेष लग्नाची, आणि त्या सगळ्यांच्या सातव्यात राहू. त्या सगळ्यांची तीन-तीन नाती मोडली असं कुणी म्हणणार नाही. राहू-केतू नेहमी समोरासमोर असतात, त्यामुळे ते पहिल्या-सातव्या घरांच्या जोडीवर येणं ढोबळमानाने सहांतल्या एका पत्रिकेत घडतं. एवढ्या सर्रास दिसणाऱ्या गोष्टीवरून एका माणसाचं आयुष्य वाचणं म्हणजे आळस आहे.

राहू बाजूला ठेवून सप्तमेश, म्हणजे सातव्या घराचा स्वामी बघू. तुळेचा स्वामी शुक्र आठव्यात, वृश्चिकेत, गुरूसोबत बसलाय. सप्तमेश आठव्यात म्हणजे नात्यात काहीतरी झाकलेलं राहतं आणि अडथळे येतात, असं परंपरा सांगते. सोबतचा गुरू ते सावरतो. प्रेमाचं घर पाचवं. त्याचा स्वामी रवी तुझ्या दहाव्यात, म्हणजे कामाच्या घरात, मकरेत. कामावर ओळखी होतात हे जुळलं. मकर रास शनीची, हे मात्र लक्षात ठेव, कारण इथून पुढे प्रत्येक वाटेवर शनीच भेटतो.

तुझा शनी अकराव्यात, कुंभेत, स्वराशीत आहे, म्हणजे चांगला बळकट. त्याची तिसरी दृष्टी लग्न राशीवर पडते, सातवी पाचव्या घरावर आणि तिथल्या मंगळावर, दहावी आठव्यातल्या शुक्रावर. म्हणजे तू स्वतः, तुझं प्रेमाचं घर आणि तुझा सप्तमेश, तिघांवर एकाच ग्रहाची नजर आहे. त्यात चंद्र पुष्य नक्षत्रात, त्याचाही स्वामी शनीच. राहूची एवढी पकड या पत्रिकेत कुठेही दिसत नाही. गुरुजींनी राहूवर बोट ठेवलं, कारण राहूची शांती असते आणि ती खपते.

आता ग्रह बाजूला ठेव आणि एक कागद घे. तिन्ही नाती कधी जमली, कधी मोडली आणि शेवटचं भांडण नेमकं कशावरून झालं, एवढंच लिही. ही यादी दशा, म्हणजे कोणत्या काळावर कोणत्या ग्रहाचा अंमल, ते बघायच्या आधी करायची असते. आधी दशा बघितली की मन त्या दशेला साजेसं कारण शोधून काढतं. तुझ्या पत्रात ही यादी जवळजवळ तयारच आहे, म्हणून मी ती पुढे चालवते.

जन्माच्या वेळी शनीची महादशा सुमारे बारा वर्षं शिल्लक होती, ती 2007 च्या सुरुवातीला संपली. मग 17 वर्षं बुध, म्हणजे 2024 च्या सुरुवातीपर्यंत. तिन्ही नाती बुधातच येतात, त्यामुळे महादशेवरून काहीच वेगळं होत नाही, तिच्यातले छोटे टप्पे म्हणजे अंतर्दशा बघाव्या लागतात. राहूची अंतर्दशा 2016 च्या मध्यापासून 2019 च्या सुरुवातीपर्यंत होती. पुढे 2021 च्या एप्रिल-मेपर्यंत गुरू. त्यानंतर थेट जानेवारी 2024 पर्यंत शनी.

यादी याच्या शेजारी ठेव. पहिलं नातं राहूत सुरू झालं आणि राहूतच संपलं, आणि त्याचं रूपही राहूचंच होतं: झाकलेली गोष्ट, फसवणूक. दुसरं आणि तिसरं दोन्ही शनीत, आणि दोन्ही "थोडं थांबू" यावर अडकली. म्हणजे तू ज्याला तीन वेळा घडलेली एक गोष्ट समजतेस, त्या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तुझा काही दोष नाही. साखरपुडा लपवणं हे त्याचं वागणं. ते नातं या हिशोबातून काढून टाक. खरी पुनरावृत्ती दोनच वेळा झाली आहे, आणि तिचं नाव लांबणीवर टाकणं.

शनीचं असं लांबवणं ओळखायची एक खूण आहे. त्यात कारण नेहमी खरं आणि जबाबदारीचं असतं. भावाचं शिक्षण हे कारण खोटं नाहीच. पण त्याला तारीख नव्हती. "भावाची पदवी पुढच्या मेमध्ये, त्यानंतर घरी बोलू" आणि "थोडं थांबू" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ऐकणारा थांबू शकतो, दुसरं ऐकणारा काही महिन्यांनी निघून जातो आणि बाहेरून ते नशीब वाटतं.

केतूबद्दल थोडं बोलायला हवं, कारण राहूच्या गडबडीत त्याला सगळे विसरतात. तो तुझ्या लग्न राशीत आहे, तिच्या उगवत्या अंशाला अगदी चिकटून. अशा माणसाला स्वतःला काय हवंय ते उघड मागायला जड जातं, असं वाचन परंपरेत आहे. आत्ता 2024 पासून 2031 च्या सुरुवातीपर्यंत केतूचीच महादशा चालू आहे. म्हणून "शुक्राची महादशा 2031 ला लागेल, तोवर लग्नाचं नाव नको" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. महादशा काय होऊ शकतं ते सुचवते, सात वर्षांची बंदी घालत नाही. शिवाय ती बंदी म्हणजे पुन्हा तेच लांबवणं, फक्त यावेळी ज्योतिषाच्या नावावर.

या वाचनाच्या मर्यादाही समजून घे. "एकच्या सुमारास" ही वेळ लग्न राशीसाठी पुरेशी आहे, कारण मेष लग्न दोन्ही बाजूंना पाऊण तास तरी टिकतं. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, मात्र बारा-तेरा मिनिटांनी बदलतो, आणि नेमक्या एकच्या आसपास तुझा नवमांश सिंहेतून कन्येत जातो. विवाहासाठी नवमांश महत्त्वाचा मानतात, म्हणून त्यावरून कुणी ठाम बोललं तर वेळ कुठून घेतली ते विचार. जन्मदाखल्यावर वेळ बहुधा नसते, बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर असू शकते. आईच्या कपाटात ते शोध. हातानं मांडलेली पत्रिका असेल तर आणखी एक तपास: कोल्हापूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे 33 मिनिटं मागे असते. हा फरक धरायचा राहिला तर लग्न राशीचा अंश सुमारे नऊ अंशांनी पुढे सरकतो आणि नवमांश चुकतोच.

दुसरी मर्यादा जास्त मोठी. घडून गेलेल्या गोष्टी पत्रिकेत कायम सापडतात. 2019 ते 2021 ची गुरूची अंतर्दशा बघ. तेव्हाही राहू सातव्यातच होता आणि शनीची दृष्टीही तीच होती. त्या काळात तू कुणात गुंतलीच नाहीस, म्हणून काही मोडलंही नाही. आधीच ठरलेलं असतं तर पत्रिका एकच उत्तर देत राहिली असती. मला पत्रिकेचा उपयोग एवढाच वाटतो की ती कुठे बघायचं ते दाखवते, आणि ते खरं की नाही हे तुझ्या कागदावरच्या यादीवरून ठरतं.

पुढचं नातं जमेल तेव्हा सहा महिन्यांच्या आत तीन गोष्टी उघड बोलून टाक. भावाच्या शिक्षणाचा आणि घरखर्चाचा किती भाग तुझ्यावर आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हा आकडा आणि ही तारीख आधी. मग दोघांच्या घरी कधी सांगायचं ते. आणि त्याच्या घरी त्याच्यासाठी कुठे बोलणी चालू आहेत का, हा प्रश्न सरळ विचार. पहिल्या वेळी तो कुणी विचारला नव्हता. तो विचारताना तुला अवघड वाटेल, पण उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांब आणि त्याच्या घरी जाऊन भेटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

उपाय हवाच वाटत असेल, आणि आईला तो वाटणार, तर शनिवारी मारुतीला तेल वाहा, नाहीतर एखाद्या पौर्णिमेला दोघी नृसिंहवाडीला जाऊन या. 21 हजारांची शांती करू नका. त्यातले थोडे पैसे भावाच्या फीसाठी वेगळे काढा आणि ती फी नेमकी कधी संपते ते त्याच्याकडून लिहून घे. ती तारीख तुला लागणार आहे.