पुढच्या खेपेसोबत चाचणी अहवाल आणि उत्पत्ती प्रमाणपत्र कसे मागावे?

प्रश्न: व्हिएतनाममधील उत्पादकाकडून स्टेनलेस स्टीलच्या कॉइल मागवतो. पुढच्या खेपेसोबत टेस्ट रिपोर्ट आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हवे आहे. त्यांना नेमके काय लिहावे?

उत्तर: दोन्ही कागद खरेदी आदेशातच नावानिशी मागा आणि माल जहाजावर चढण्यापूर्वी त्यांचे मसुदे तपासायला मिळतील, अशी अट घाला. नुसता ‘टेस्ट रिपोर्ट’ मागितला, तर सर्वसाधारण उत्पादनाचे आकडे असलेला, ईएन १०२०४ या युरोपीय मानकातील २.२ प्रकारचा अहवाल हाती पडू शकतो. म्हणून ‘ईएन १०२०४, प्रकार ३.१’ असे स्पष्ट लिहा, कारण त्यात प्रत्यक्ष पाठवलेल्या मालाचे रासायनिक व यांत्रिक निष्कर्ष असतात. मसुदा आला की अहवालातील हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या पोलादाच्या लॉटचा क्रमांक, पॅकिंग लिस्टशी ताडून पाहा आणि माल उतरल्यावर कॉइलवरील लेबलशीही जुळवा. एक आकडा जरी वेगळा निघाला, तरी त्या कॉइलपुरता तो अहवाल निरुपयोगी ठरतो. उत्पत्ती प्रमाणपत्र मात्र उत्पादक स्वतः देत नाही: भारत-आसियान व्यापार करारातील सवलतीच्या शुल्कासाठी लागणारे ‘फॉर्म एआय’ त्याच्या अर्जावरून तेथील शासनाचे अधिकृत कार्यालय देते, त्यामुळे मालाचे वर्णन, वजन, एचएस कोड आणि इनव्हॉइस क्रमांक त्याला आधीच कळवा.

एवढे मात्र ध्यानात घ्या की २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या भारतीय सीमाशुल्काच्या ‘कॅरोटार’ नियमांनुसार केवळ हे प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथला कसा ठरला, याची ‘फॉर्म १’मधील माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगून पाच वर्षे जपायची असते, तेव्हा तीही याच पत्रात मागून घ्या.