‘सिमेंटची गाडी’ म्हणावं का?

प्रश्न : मुलांसाठी वाहनांची प्रश्नोत्तरं तयार करतेय. टिपर, टँकर, पिकअप जमले. गोल फिरणाऱ्या ड्रमच्या गाडीला आमच्याकडे जळगावात सगळे ‘सिमेंटची गाडी’ म्हणतात. तेच लिहू का?

‘मिक्सर गाडी’ लिहा. कंसात ‘ट्रान्झिट मिक्सर’ द्या. बोलताना ‘सिमेंटची गाडी’ चालून जातं, पण उत्तर म्हणून ते चूक आहे. ड्रममध्ये असतं काँक्रीट, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा कालवलेला ओला माल. सिमेंट ही कोरडी पूड. ती गोण्यांतून ट्रकमध्ये जाते किंवा सुटी असेल तर बल्करमधून. बल्कर हा पुडीचा टँकर. दाबाच्या हवेनं पूड पाइपातून ढकलून तो खाली करतात. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातली राख नेतात त्या बंद गाड्या बल्करच. मुलांनी त्या पाहिलेल्या असतात, म्हणून हा फरक त्यांना पटकन कळेल.

नुसतं ‘मिक्सर’ही नको. घरात चटणीचा मिक्सर असतो आणि स्लॅबच्या जागी गोण्या ओतून माल कालवायचं छोटं यंत्र असतं, तेही मिक्सरच. ते ओढून आणतात, ते वाहन नव्हे.

प्रश्न ‘ही कोणती गाडी?’ असा विचारण्यापेक्षा ‘ही गाडी खाली कशी करतात?’ असा विचारा. टिपरचा हौदा जॅकनं वर उचलला जातो आणि वाळू घसरते. इंग्रजीत ‘टिप’ म्हणजे कलंडवणं, नाव त्यावरूनच. टँकरची तोटी उघडतात. पिकअपचा फाळका पाडून केळीचे घड हातानं उतरवतात. मिक्सर गाडीचा ड्रम मात्र उचलत नाहीत, उलटा फिरवतात. ड्रमच्या आत मळसूत्रासारखी पाती असतात. एका बाजूला फिरवलं की ती माल आत ओढतात, उलट फिरवलं की तोंडाकडे आणून मागच्या पन्हळीत सोडतात. रस्त्यानं जाताना आणि स्लॅबपाशी उभी असताना ड्रम कोणत्या बाजूला फिरतो, हे मुलांना बघायला सांगा.

पुढचा प्रश्न : ‘वाटेत ड्रम का फिरत राहतो?’ थांबला तर जड खडी तळाशी बसते आणि माल घट्ट होऊ लागतो. म्हणून तो मिनिटाला दोन ते सहा फेरे घेत राहतो. माल भरल्यापासून साधारण २ तासांत गाडी खाली व्हावी, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर माल आणखी लवकर आवळतो. तो सैल करायला कुणी वरून पाणी मारलं, तर ओतायला सोपं जातं, पण काँक्रीट कच्चं राहतं. ड्रममध्येच घट्ट झाला, तर माणसाला आत उतरून ब्रेकरनं फोडावा लागतो.

एक गणितही घालता येईल. गाडीत ६ घनमीटर माल मावतो. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर जाड स्लॅबला साडेबारा घनमीटर लागतो. खेपा किती? मुलं दोन म्हणतील. उत्तर तीन, दोन खेपांनंतर अर्धा घनमीटर उरतो.